आरएसआय ७० च्या वर गेला म्हणजे विकायचंच का?

प्रश्न: माझ्याकडच्या एका शेअरचा आरएसआय ७८ झालाय. ७० च्या वर म्हणजे ओव्हरबॉट आणि ओव्हरबॉट म्हणजे विका, असं सगळे सांगतात. मागे एकदा तसं ऐकून विकला, तर शेअर पुढे कित्येक आठवडे चढतच राहिला. आरएसआय नेमकं मोजतो काय? आणि ओव्हरबॉट दिसल्यावर विकायचं नाही, तर करायचं काय?

उत्तर:

७० च्या वरचा आरएसआय एवढंच सांगतो, की अलीकडच्या दिवसांत भावाची जी हालचाल झाली तिचा बराच मोठा वाटा वरच्या दिशेचा होता. शेअर महाग झालाय, खरेदीदार संपले, आता भाव खाली येणार, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. विकायचं की नाही हे ठरवायला भावाकडेच पाहावं लागतं. ते कसं पाहायचं ते पुढे सांगतो. आधी गणित बघू, कारण हा गैरसमज गणित न पाहिल्यामुळेच टिकून राहिलाय.

आरएसआय जे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. रोजची सरासरी हालचाल मोजणारा एटीआर आणि कलाचा जोर मोजणारा एडीएक्स हेही त्यांचेच. त्या काळी आकडेमोड हाताने किंवा साध्या कॅल्क्युलेटरवर व्हायची, म्हणून आरएसआयची रीत मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. आजच्या बंद भावातून कालचा बंद भाव वजा करायचा. फरक वरचा असेल तर तो वाढीच्या खात्यात जातो आणि घटीच्या खात्यात शून्य लागतं. फरक खालचा असेल तर उलट. पहिल्या १४ दिवसांची दोन्ही खात्यांची साधी सरासरी काढायची. त्यानंतर रोज जुन्या सरासरीला १३ ने गुणायचं, त्यात आजचा आकडा मिळवायचा आणि १४ ने भागायचं. सरासरी वाढीला G आणि सरासरी घटीला L म्हटलं, तर सूत्र असं:

```
RS  = G / L
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

पुस्तकांत ते असंच छापलेलं असतं आणि त्यामुळे उगाच अवघड वाटतं. थोडी बीजगणिती आवराआवर केली की तेच सूत्र असं दिसतं:

```
RSI = 100 * G / (G + L)
```

G आणि L यांची बेरीज म्हणजे भावाची एकूण सरासरी हालचाल, दिशा कोणतीही असो. म्हणजे एकूण हालचालीपैकी किती टक्के वर झाली, ते आरएसआय सांगतो. ५० म्हणजे अर्धी वर, अर्धी खाली. ७० म्हणजे सात भाग वर, तीन भाग खाली. ८० म्हणजे चार भाग वर आणि एक भाग खाली. या सूत्रात शेअरचा भाव किती आहे हे कुठेच येत नाही. कंपनीचा नफा येत नाही, मागचा उच्चांक येत नाही, व्हॉल्यूमही येत नाही. पट्टी ० ते १०० अशी बांधलेली असल्यामुळे ७८ पाहिल्यावर डोळ्यांना वाटतं की आता वर जागाच उरली नाही. पण ती जागा पट्टीवरची आहे. भावावर असं कोणतंही छप्पर नाही.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ आणि त्याचा आरएसआय दिवसागणिक काढू. शेअर बरेच दिवस १०० च्या आसपास रेंगाळतोय, कधी १ वर, कधी १ खाली. म्हणजे G आणि L दोन्ही ०.५ आणि आरएसआय ५०. आता त्यात तेजी सुरू होते आणि ती एका ठरावीक लयीत चालते: दोन दिवस २ ने वर, तिसऱ्या दिवशी १ ने खाली, पुन्हा दोन दिवस २ ने वर, पुन्हा १ ने खाली.

पहिल्या दिवशी भाव १०२. नवा G म्हणजे ०.५ गुणिले १३, अधिक २, भागिले १४, म्हणजे सुमारे ०.६०७. L मध्ये आज काही भर नाही, म्हणून तो ०.४६४ वर येतो. आरएसआय ५६.७. दुसऱ्या दिवशी भाव १०४ आणि आरएसआय ६२. तिसऱ्या दिवशी भाव १०३, आरएसआय ५८. असं करत आठव्या दिवशी भाव ११० होतो आणि आरएसआय पहिल्यांदाच ७० ओलांडून ७१ ला पोचतो. ‘ओव्हरबॉट म्हणजे विका’ हा नियम पाळणारा इथे ११० ला विकून मोकळा होतो.

नवव्या दिवशी भाव १०९ होतो, आरएसआय ६७. विकणाऱ्याला बरं वाटतं. तेजी मात्र त्याच लयीत चालू आहे. अकराव्या दिवशी भाव ११३, चौदाव्या दिवशी ११६ आणि आरएसआय ७५. पंधराव्या दिवशी भाव १ ने खाली येऊन ११५ होतो, तरी आरएसआय ७१ च्या खाली जात नाही. तिथून पुढे तो ७० च्या खाली उतरतच नाही. साठाव्या दिवशी भाव १६० असतो आणि आरएसआय तेव्हाही ७८ च्या आसपास असतो. आणखी साठ दिवस ही लय टिकली तर भाव २२० होईल आणि आरएसआय तिथेच, ७८ ते ८२ च्या दरम्यान वरखाली करत राहील.

तसं का होतं ते पाहा. दर तीन दिवसांत भाव एकूण ४ वर जातो आणि १ खाली येतो. एकूण हालचाल ५, त्यातली ४ वरची, म्हणजे ८० टक्के. हे प्रमाण जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत आरएसआय ८० जवळच राहणार, भाव १६० असो की ५००. आरएसआय वर चढत गेला तो फक्त सुरुवातीच्या काही आठवड्यांत, कारण तेव्हा जुन्या रेंगाळलेल्या दिवसांचा प्रभाव सरासरीतून ओसरत होता आणि नव्या लयीचा वाढत होता. एकदा नवं प्रमाण स्थिरावलं की आरएसआयही स्थिरावला. म्हणजे ओव्हरबॉटमध्ये शिरणं ही बहुतेक वेळा तेजीच्या सुरुवातीला घडणारी गोष्ट आहे. या उदाहरणात तर एकूण ६० च्या चढाईपैकी फक्त १० झाले होते तेव्हाच आरएसआयने ७० ओलांडले.

खरा बाजार इतका शिस्तीत चालत नाही, हे उघड आहे. या उदाहरणातून तेजी टिकेलच असं सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की आरएसआय ७० च्या वर कितीही काळ राहू शकतो आणि त्या काळात भाव कितीही वर जाऊ शकतो, यात गणिताला काहीच अडचण नाही. तुमच्या मागच्या शेअरबाबत बहुधा हेच घडलं असावं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ७० वर न विकणारे अनेकजण इथे फसतात. साठाव्या दिवसानंतर तेजीचा वेग कमी झाला असं समजू. आता दोन दिवस १ ने वर, एक दिवस १ ने खाली. भाव अजूनही चढतोय, दर तीन दिवसांनी १ ने. पण आता एकूण हालचालीपैकी वरचा वाटा तीनात दोन, म्हणजे ६७ टक्के. आणखी साठ दिवसांनी भाव १८० असेल आणि आरएसआय उतरत उतरत ६४ ते ६९ च्या पट्ट्यात येऊन बसलेला असेल. चार्टवर काय दिसेल? भावाचा नवा उच्चांक, आरएसआयचं मात्र ८२ वरून ६९ वर आलेलं शिखर. यालाच बेअरिश डायव्हर्जन्स म्हणतात आणि तो दिसला की ‘आता नक्की पडणार’ असं बोललं जातं. आपल्या शेअरमध्ये पडण्यासारखं काहीच झालेलं नाही. फक्त चढायचा वेग मंदावलाय.

तीच गोष्ट ‘आरएसआय ७० ओलांडून परत खाली आला की विका’ या सुधारित नियमाची. हा नियम पहिल्यापेक्षा बरा आहे, कारण निदान तेजी चालू असताना तो थांबून राहतो. पण वेग मंदावल्यावर भाव नवे उच्चांक करत असतानाच तो तुम्हाला बाहेर काढू शकतो. आणि समजा भाव कुठेच गेला नाही, १६० च्या आसपास १ वर १ खाली असं रेंगाळला, तर काही आठवड्यांत आरएसआय ५० जवळ येऊन बसेल. ओव्हरबॉटपण उतरायला भाव पडावाच लागतो असं नाही. नुसता वेळ गेला तरी ते उतरतं, आणि दमदार तेजीत अनेकदा तसंच होतं: भाव काही आठवडे एका पट्ट्यात थांबतो, आरएसआय ५० च्या आसपास येतो आणि पुढची चढाई सुरू होते.

आता याच्या दुसऱ्या टोकाचा प्रकार. तोच १०० वर रेंगाळणारा शेअर एका बातमीवर एकाच दिवसात १० ने वाढून ११० झाला. G होतो १.१८, L ०.४६, आरएसआय ७२. एका दिवसात ओव्हरबॉट. त्यानंतर भाव ११० वर जवळजवळ गोठला, रोजची हालचाल नगण्य. आरएसआयचं काय होईल? काहीच नाही, तो ७२ वरच राहील. कारण हालचाल शून्य असली की G आणि L दोन्हींना रोज सारख्याच प्रमाणात, म्हणजे १३ भागिले १४ या पटीने, कात्री लागते. त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतच नाही. कंपनी ताब्यात घेण्याचा ठराविक भावाचा प्रस्ताव आला की शेअर उडी मारून त्या भावाजवळ जाऊन बसतो, आणि मग आरएसआय आठवडेच्या आठवडे वर चिकटलेला दिसतो. तिथे ना कोणी झपाट्याने विकत घेतंय, ना भाव कोसळण्याच्या बेतात आहे. एका जुन्या उडीची सावली सरासरीत उरली आहे, एवढंच. म्हणून आरएसआय वर दिसला की मी पहिल्यांदा मागचे पंधरावीस दिवस बघतो: तो एका उडीने वर गेलाय की अनेक दिवसांच्या चढाईने? एका उडीने गेला असेल तर त्या आकड्याला मी फारसं वजन देत नाही.

मग ७० ची रेषा निरुपयोगी आहे का? नाही. ती कामाची आहे, पण एका विशिष्ट परिस्थितीत. शेअर महिनोन्महिने एका पट्ट्यात फिरत असेल, समजा ९५ ते १०५, आणि दोन्ही कडांवरून तो अनेकदा परतलेला असेल, तर वरच्या कडेला आरएसआय ७० जवळ गेलेला दिसला की विकायचा विचार करणं रास्त आहे. आपल्या ५० च्या सुरुवातीपासून भाव सलग सात दिवस १ ने वाढला, ९८ वरून १०५ वर गेला, तर आरएसआय बरोबर ७० ला टेकतो. आधीच्या उदाहरणात ११० वर ७१, आणि इथे १०५ वर ७०. आकडा जवळजवळ तोच, पण तिथे पुढे ५० ची चढाई होती आणि इथे बहुधा परतीची वाट. दोन्हींतला फरक आरएसआयला कळण्याचा मार्गच नाही, कारण १०५ ला भाव यापूर्वी चारदा परतलाय ही माहिती त्याच्या सूत्रात नाही. ती चार्टवर आहे, आणि ती तुम्हाला बघावी लागते. पट्ट्यात फिरणाऱ्या शेअरमध्येसुद्धा विकण्याचं खरं कारण ती कड असते. आरएसआय फक्त सांगतो की भाव तिथपर्यंत न थांबता आलाय.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कल ठरवा, मग आरएसआय वाचा. कल ठरवताना आरएसआय वापरू नका, नाहीतर एकाच माहितीवर तुम्ही दोनदा शिक्का माराल. साधी कसोटी पुरते. मागच्या काही महिन्यांतले उतार बघा: प्रत्येक उताराचा तळ आधीच्या तळापेक्षा वर आहे का? प्रत्येक चढाईचं शिखर आधीच्या शिखरापेक्षा वर आहे का? भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहे आणि ती सरासरी स्वतःही वर झुकलेली आहे का? उत्तरं हो असतील तर शेअर तेजीत आहे, आणि तेजीत आरएसआयच्या रेषांचा अर्थ बदलतो.

हा बदल तांत्रिक विश्लेषक अँड्र्यू कार्डवेल यांनी नीट मांडला. तेजीतल्या शेअरचा आरएसआय साधारण ४० ते ८० या पट्ट्यात फिरतो आणि मंदीतल्या शेअरचा साधारण २० ते ६० मध्ये. हे पट्टे काटेकोर नाहीत, पण कामाला फार चांगले आहेत. तेजीत ७० ते ८० ही नेहमीची जागा झाली. तिथे आरएसआय दिसला तर काही विपरीत घडलेलं नाही. बघायचं ते खालच्या टोकाला: भाव उतरतो तेव्हा आरएसआय ४० ते ५० च्या आसपास थांबून वळतो का? वळत असेल तर तेजी शाबूत आहे. जेव्हा तो ४० तोडून ३५, ३० वर जातो आणि त्यानंतरच्या चढाईत ६० च्या आसपासच अडकतो, तेव्हा पट्टा बदलला असं समजायचं. माझ्या मते तेजी संपल्याची आरएसआयवरची सगळ्यात भरवशाची खूण हीच, आणि ती ७० च्या जवळपासही नसते. उलट बाजूही लक्षात ठेवा. खूप काळ मंदीत असलेल्या शेअरचा आरएसआय बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदाच ७० च्या वर गेला, तर त्याला विक्रीचा इशारा म्हणण्याआधी दहादा विचार करावा. बऱ्याचदा तो पट्टा वर सरकू लागल्याचा पहिला पुरावा असतो.

वाइल्डर यांचाही सगळा भर नुसत्या ७० च्या रेषेवर नव्हता. फेल्युअर स्विंग नावाची एक रचना त्यांनी दिली आणि तिला जास्त महत्त्व दिलं. समजा आरएसआय ७८ पर्यंत गेला, उतरून ६५ वर आला, पुन्हा चढला पण ७३ लाच थांबला, आणि मग ६५ च्या खाली गेला. दुसरी चढाई पहिल्या शिखरापर्यंत पोचली नाही आणि मधला तळही तुटला. या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की विक्रीचा इशारा. यात निदान काहीतरी बिघडल्याचा पुरावा मागितलेला आहे. तरीही, मघाशी पाहिलं तसं नुसत्या वेग मंदावण्यानेही अशी रचना तयार होऊ शकते. म्हणून ती दिसली की मी लगेच सगळं विकत नाही, बाहेर पडायची भावावरची रेषा जवळ आणतो.

आता तुमचा ७८. ती भावावरची रेषा कशी आखायची ते आपल्याच उदाहरणावर दाखवतो. तेजीच्या लयीत रोजची सरासरी हालचाल किती? तीन दिवसांत ५, म्हणजे रोज सुमारे १.६७. हीच आरएसआयच्या सूत्रातली G अधिक L. प्रत्यक्षात यासाठी एटीआर वापरतात, कारण तो दिवसभरातला उच्चांक, नीचांक आणि कालच्या बंद भावापासूनची उडीही धरतो. आपल्याकडे फक्त बंद भाव आहेत, म्हणून हीच सरासरी घेऊ. सर्वात उंच बंद भावापासून या हालचालीच्या तिप्पट, म्हणजे ५ खाली, रेषा ठेवायची. नवा उंच बंद भाव आला की रेषा वर सरकवायची, खाली कधीच आणायची नाही. भाव त्या रेषेखाली बंद झाला की विकायचं. एकोणसाठाव्या दिवशी भाव १६१ होता, तेव्हा ही रेषा १५६ वर आहे. रोजचा १ चा उतार तिला शिवतही नाही. साठ दिवसांत ती एकदाही तुटत नाही आणि ११० वर विकणाऱ्याच्या तुलनेत तुमच्या पदरात ४५ ते ५० जास्त पडतात. तिप्पट हा आकडा काही देववाणी नाही. फार उसळणाऱ्या शेअरमध्ये तो साडेतीन, चारही ठेवतात. एटीआर नको असेल तर मागच्या ठळक उताराच्या तळाखाली रेषा ठेवा, तेही तितकंच चांगलं.

या रेषेची किंमत काय, तेही सांगायला हवं. शिखरावर तुम्ही कधीच विकणार नाही. प्रत्येक वेळी शिखरापासून निदान तेवढं अंतर परत द्यावं लागेल, आणि भाव एका रात्रीत मोठी उडी घेऊन खाली उघडला तर त्याहून जास्त. ज्यांना हे सहन होत नाही, किंवा ज्यांचा एकाच शेअरमध्ये फार मोठा हिस्सा अडकलाय, त्यांनी ७८ वर थोडा हिस्सा विकला तर त्यात काही चूक नाही. फक्त तो निर्णय हिस्सा जास्त आहे म्हणून घेतलाय, आरएसआयने सांगितलं म्हणून नाही, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. कारण वेगळं असलं की किती विकायचं हेही वेगळं ठरतं.

एक आकडा आणखी. आपल्या शेअरचा आरएसआय ८२ जवळ असताना, १६१ वर, तो एका दिवसात ७० च्या खाली आणायला भाव किती पडावा लागेल? सुमारे ३.७, म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. आणि ५० वर आणायला एका दिवसात सुमारे १४. म्हणजे ८२ वरून ७० पर्यंत घसरलेला आरएसआय डोळ्यांना फार मोठी पडझड वाटते, पण ६१ च्या चढाईसमोर ती चारहूनही कमी आहे. आरएसआयच्या रेषेची घसरण पाहून घाबरून विकण्याआधी तेवढ्यात भाव किती हललाय ते बघत जा.

तुमचा ७८ खरोखर ७८ आहे का, हेही तपासा. कालावधी १४ चा आहे की कोणी ९ किंवा ७ लावलाय? कालावधी जितका लहान तितका आरएसआय टोकांना लवकर जातो, आणि ७ दिवसांच्या आरएसआयवर ७० ही फारच साधी घटना आहे. चार्ट रोजचा आहे की आठवड्याचा? आठवड्याच्या चार्टवरचा ७८ आणि तासाच्या चार्टवरचा ७८ यांची तुलना होत नाही. काही ठिकाणी वाइल्डरच्या रीतीऐवजी प्रत्येक वेळी शेवटच्या १४ दिवसांची साधी सरासरी घेतात. तिथे पंधराव्या दिवशी जुनी मोठी उडी हिशेबातून एकदम गळून पडते आणि भाव हललेला नसतानाही आरएसआय हलतो. वाइल्डरच्या रीतीत जुना दिवस असा गळत नाही, त्याचा प्रभाव साधारण नऊ-दहा दिवसांनी निम्मा होतो आणि पुढे विरत जातो. म्हणूनच नुकत्याच सूचिबद्ध झालेल्या शेअरचा आरएसआय पहिले काही आठवडे फार विश्वासाचा नसतो. सरासरी मुरायला शंभरेक दिवसांचा इतिहास तरी हवा.

हे सगळं माझ्या शब्दावर मान्य करायची गरज नाही. तुमच्याच शेअरच्या मागच्या पाच वर्षांच्या रोजच्या बंद भावांवर एक तक्ता करा. आरएसआय खालून येऊन ७० ओलांडतो तो प्रत्येक दिवस एका ओळीत लिहा. त्यापुढे चार रकाने: त्या दिवशी भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर होता की खाली, पुढच्या ६० दिवसांत भाव जास्तीत जास्त किती टक्के वर गेला, जास्तीत जास्त किती टक्के खाली आला, आणि साठाव्या दिवशी कुठे होता. आरएसआय ७० च्या आजूबाजूला वरखाली करत असेल तर एकाच चढाईच्या पाच ओळी होतील, म्हणून तो मध्ये एकदा तरी ५० च्या खाली जाऊन आला असेल तरच नवी ओळ धरा. मग सरासरीच्या वरच्या आणि खालच्या ओळी वेगळ्या करून बघा. पाच वर्षांत अशा ओळी थोड्याच निघतील, तेव्हा त्यातून टक्केवारी काढायच्या भानगडीत पडू नका. नुसत्या ओळी वाचा, आणि प्रत्येक ओळीसमोर चार्ट उघडून त्या दिवशी भाव कोणत्या जागी होता ते बघा.